मदत हवी आहे: कर्जमागणीच्या पत्रातलं एक वाक्य अडलंय

माझा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. बँकेला लिहिलं होतं, ‘व्यवसायवाढीसाठी चार-पाच लाख रुपयांचे कर्ज मिळावे, परतफेड नियमित करीन.’ साहेबांनी ‘चार-पाच’भोवती पेन्सिलीने गोल काढून पत्र परत दिलं. बरोबरच होतं त्यांचं. मंजुरी आकड्याला मिळते, अंदाजाला नाही.

आता असं केलंय: ‘कटिंग मशिन खरेदीसाठी रु. 4,00,000 (अक्षरी रुपये चार लाख फक्त) मुदत कर्ज, 36 महिन्यांसाठी मिळावे. कोटेशननुसार किंमत रु. 5,20,000, उरलेले रु. 1,20,000 मी भरणार आहे. सर्व खर्च वजा जाता व्यवसायात दरमहा सरासरी रु. 22,000 उरतात, त्यातून हप्ता भरेन.’ 12 टक्क्यांनी हप्ता साधारण 13,300 बसतो. सोबत कोटेशन आणि वर्षभराचा खातेउतारा जोडतोय.

अडलंय ते इथे. मशिन आल्यावर बाहेर द्यावं लागणारं कटिंग वाचेल, महिन्याला सहाएक हजार. ते 22,000 मध्येच मिळवून 28,000 लिहू का? मला वाटतं नको, कारण खातेउताऱ्यात 28,000 कुठेच दिसणार नाहीत. मग ‘अपेक्षित बचत’ म्हणून वेगळं वाक्य घालावं, की पत्रात तो विषयच नको? बँकेत काम केलेल्या कुणी वाक्य सुचवलं तर बरं होईल.