मदत हवी आहे: चुकीच्या दराने लागलेल्या व्याजाबद्दल बँकेला पत्र

गृहकर्जाच्या करारात पहिली तीन वर्षं ८.५० टक्के स्थिर दर लिहिला आहे. खातेउताऱ्यात मात्र दुसऱ्या वर्षापासून ९.२५ टक्क्यांनी व्याज लागलंय. हप्ता तेवढाच राहिला, मुदत वाढली. एकही हप्ता थकलेला नाही, दरबदलाच्या कागदावर सही केलेली नाही. शाखेत विचारलं तर "सिस्टिमनेच लावलाय" एवढंच तोंडी उत्तर मिळालं, म्हणून आता लेखी देतोय. सोबत मंजुरीपत्र, करारातलं दराचं पान आणि पूर्ण उतारा जोडणार आहे.

अडलंय ते रकमेपाशी. मुद्दल २० लाख असताना पहिल्याच महिन्यात १,२५० जास्त व्याज लागलं. हप्ता तोच असल्याने मुद्दलही तेवढंच कमी फिटलं आणि पुढच्या महिन्याचं व्याज त्या फुगलेल्या मुद्दलावर लागलं. नुसत्या दरातल्या फरकाची बेरीज केली तर हा भाग निसटतो. एक्सेलमध्ये योग्य दराने पूर्ण तक्ता पुन्हा मांडला, तेव्हा आजच्या शिल्लक मुद्दलातला फरक त्या बेरजेहून जास्त निघाला.

कर्ज चालूच ठेवायचंय. मग पत्रात फरकाची ठरावीक रक्कम परत मागावी, की चूक झाली त्या तारखेपासून खातं नव्याने मांडून मुद्दल व मुदत दोन्ही दुरुस्त करा असं लिहावं? आणि माझा तक्ता आत्ताच जोडावा, की आधी बँकेचा हिशेब मागावा?