मदत हवी आहे: 'शेजारीपाजारी'तला 'पाजारी' रूपिम धरायचा का?

द्राक्षवेल_नाशिक: एम.ए.च्या भाषाविज्ञानाचं टिपण सोमवारी द्यायचंय. वर्गातली व्याख्या अशी: रूपिम म्हणजे भाषेतला सर्वांत लहान अर्थपूर्ण घटक. 'शेजारीपाजारी' फोडायला घेतला. 'शेजारी' सुटा मिळतो, पण 'पाजारी' दुसरीकडे कुठेच येत नाही आणि त्याचा अर्थही सांगता येत नाही. त्याला रूपिम म्हणावं तर अर्थ कुठाय? न म्हणावं तर उरलेला तुकडा कुठे टाकू? क्रॅनबेरीतल्या 'क्रॅन'ची अडचण हीच ना?

मेनरोडकर: वाळवलेल्या क्रॅनबेरी सुकामेव्याच्या दुकानात विचारा.
...सॉरी, नुसता 'क्रॅनबेरी' शब्द पाहून लिहिलं. चालू द्या.

अक्षरधूळ: यात अडकण्यासारखं काय आहे? 'चहाबिहा'सारखाच जोडशब्द. 'पाजारी' म्हणजे 'वगैरे'. सापडला अर्थ!

खडूफळा: अक्षरधूळ, अर्धं बरोबर. 'बिहा' नियमाने तयार होतं. पहिल्या अक्षराच्या जागी 'बि' घातला की गाडीबिडी, लॅपटॉपबिपटॉप, हवं ते करा. त्या नियमाने 'शेजारीबिजारी' होईल, 'पाजारी' नाही. तो पाठच असावा लागतो.

'वगैरे' हा अर्थ तुम्ही वजाबाकीने काढलात. 'क्रॅन'चंही तसंच करता येतं: क्रॅनबेरीला इतर बेरींपासून वेगळं करणारं जे काही असेल, तो 'क्रॅन'चा अर्थ. ब्लूमफील्डने 1933 मध्ये असल्या एकांड्या तुकड्यांना याच वाटेने रूपिमांत बसवलं. पण हीच वजाबाकी 'उरलासुरला'वर करा. 'सुरला'चीही बाकी 'वगैरे'च येते. दोन वेगळ्या तुकड्यांची बाकी एकच येत असेल, तर तो अर्थ तुकड्याचा की जोडीच्या साच्याचा? मला साच्याचा वाटतो, म्हणजे 'पाजारी' पुन्हा रिकाम्या हातानेच उभा.

घाटमाथा: आमच्या इगतपुरीचं बघा की. 'पुरी' कळते, 'इगत' म्हणजे काय?

खडूफळा: उदाहरण झकास आहे, पण टिपणात घालू नका. विशेषनामाला अर्थ नसला तरी त्याचं काम चालतं, त्यामुळे परीक्षक तिथेच धरतील.

द्राक्षवेल, अर्थाची व्याख्या खरी कुठे मोडते ते दाखवायचं तर 'देश' घ्या. उद्देश, निर्देश, आदेश, उपदेश. हेतू, खूण, हुकूम आणि शिकवण यांच्यात आजच्या बोलणाऱ्याला समान अर्थ सापडणार नाही. पण त्यांची विशेषणं करा: उद्दिष्ट, निर्दिष्ट, आदिष्ट, उपदिष्ट. शेवटची दोन पुस्तकी आहेत, तरी चारही ठिकाणी 'देश'चा 'दिष्ट'च होतो. आता 'परदेश' घ्या. 'परदिष्ट' होत नाही, 'परदेशी' होतं. म्हणजे चौघांतला 'देश' एकच आहे हे अर्थाने नाही, त्याच्या वागण्याने कळतं. अ‍ॅरोनॉफने 1976 मध्ये इंग्रजीबद्दल हेच दाखवलं. अ‍ॅडमिटचं अ‍ॅडमिशन होतं, सबमिटचं सबमिशन होतं, पण व्हॉमिटचं 'व्हॉमिशन' होत नाही.

अक्षरधूळ: पण संस्कृतात 'दिश्' म्हणजे दाखवणे. समान अर्थ आहेच!

खडूफळा: 'परदेश'मधला 'देश'ही त्याच 'दिश्'चा. मूळ एक असूनही आज तो वेगळा वागतो. व्युत्पत्ती कामाची असती तर 'परदिष्ट'ही झालं असतं.

द्राक्षवेल_नाशिक: 'देश'चं पटलं, सर. पण 'पाजारी'ला ही कसोटी लागत नाही ना? तो एकाच शब्दात येतो, मग ताडून कशाशी बघू?

खडूफळा: लागत नाही. त्याच्यासाठी विभक्ती लावून बघा. आपण 'शेजारीपाजाऱ्यांना' म्हणत नाही, 'शेजाऱ्यापाजाऱ्यांना' म्हणतो, म्हणजे पहिल्या भागाचंही सामान्यरूप होतं. 'उरलासुरला'चं उरलीसुरली, उरलंसुरलं होतं. मधला सांधा व्याकरणाला दिसतो. शब्द एकजीव असता तर बदल फक्त शेवटी झाला असता.

अक्षरधूळ: मग गाड्याबिड्यांनाही तसाच सांधा दिसतो. 'बिड्या' रूपिम का?

खडूफळा: हा मुद्दा बिनतोड आहे. तिथे 'गाड्या' झाल्यावर नक्कल होते असं म्हणता येतं, पण तेच 'पाजाऱ्यां'बद्दलही म्हणता येईल. म्हणजे सांधा आहे एवढंच सिद्ध झालं. सांध्यापलीकडचा तुकडा रूपिम आहे की नाही, ते नाही.

द्राक्षवेल_नाशिक: मग टिपणात 'देश' आधी घेते आणि 'पाजारी' वादग्रस्त म्हणून शेवटी. आणखी एक, 'संदेश' कुठल्या गटात? 'संदिष्ट' कधी ऐकलं नाही आणि 'संदेशी'ही नाही.

खडूफळा: संस्कृतात 'संदिष्ट' आहे, मराठीने तो घेतला नाही. माझ्या कसोटीने 'संदेश' ना इकडचा ना तिकडचा. उद्देशाच्या गटात टाकावासा वाटतो, पण कानाला वाटतं यापलीकडे पुरावा नाही. 'गोरागोमटा'ही बघून ठेवा. जुन्या मराठीत 'गोमटा' सुटा यायचा, आज बहुतेकांच्या तोंडी फक्त 'गोरा'च्या मागे येतो.

घाटमाथा: आणि 'इगत'?