मदत हवी आहे : हॉटस्पॉटला फोन जोडले जातात, पण गेममधली रूम कुणालाच दिसत नाही

उदगीरचा_भाचा
सुट्टीत उदगीरजवळच्या वाडीवर चार लेकरं जमलीत. रेंज नाही म्हणून मिनी मिलिशिया लॅन वायफायवर खेळायचंय. माझ्या फोनवर हॉटस्पॉट चालू करून त्याच फोनवरून रूम होस्ट करतो. दोन फोन जोडले जातात, 'कनेक्टेड' असं येतं, पण रूम काही दिसंना. चौथ्या जुन्या फोनला तर हॉटस्पॉटचं नावच सापडत नाही. रीस्टार्ट करून झालंय.

बिनधास्त_बीड
डेटा चालू ठेव सगळ्यांचा. नेट नसल्यावर गेम चालणारच कसा? आणि हॉटस्पॉट 5 GHz वर ठेव, फास्ट चालतं.

तारतोड्या
बीडकर, 5 GHz फास्ट असतं हे बरोबर, पण इथं त्यानंच घोटाळा केलेला दिसतोय. जुन्या स्वस्त फोनात फक्त 2.4 GHz असतं, त्यांना 5 GHz चा हॉटस्पॉट यादीत दिसतच नाही. भाचे, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये AP Band किंवा तसल्याच नावाखाली 2.4 GHz निवडा. चौथा फोन सापडेल.

डेटाचं मात्र नेमकं उलटं आहे. लॅनच्या खेळाला नेट लागत नाही. रूम उघडली की गेम त्या नेटवर्कवर हाळी देतो, 'इथं रूम आहे', आणि बाकीचे फोन ती ऐकून यादीत नाव दाखवतात. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनला दोन दारं असतात, एक सिमकडचं आणि एक हॉटस्पॉटकडचं. डेटा चालू असला की बऱ्याचदा हाळी सिमच्या दारातून बाहेर जाते आणि शेजारी बसलेल्याला ऐकूच येत नाही. जोडलेल्या फोनांचंही तेच. 'या वायफायला इंटरनेट नाही' असं दिसलं की अँड्रॉइड गुपचूप डेटावर सरकतो, वरती वायफायची खूण तशीच राहते.

म्हणून चारही फोनांचा मोबाईल डेटा बंद करा. जोडताना 'इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का' असं विचारलं तर हो म्हणा. मग गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

परभणी_परतीचा
पण माझा डेटा दीड जीबीच आहे, असं खेळल्यावर किती जाईल?

तारतोड्या
शून्य. डेटा बंदच ठेवायचा आहे, वर वाचा.

मोंढा_नाका
एवढं कशाला, ब्लूटूथ लावा की! आमच्याकडं लुडो तसंच खेळतात.

तारतोड्या
लुडोत ती सोय लिहून ठेवली असेल तर चालतं. ब्लूटूथ गेममध्येच असावं लागतं, बाहेरून फोन पेअर केल्यानं लॅनवाला गेम त्यावरून जात नाही. शिवाय गोळीबाराच्या गेमला ब्लूटूथ मंद पडतं. पाळीपाळीनं खेळायच्या गेमला ठीक.

उदगीरचा_भाचा
2.4 GHz केल्यावर जुना फोन लगेच जोडला. डेटा सगळ्यांचा बंद. तरी रूम दिसंना.

तारतोड्या
आता कामं वाटून द्या. हॉटस्पॉट तुमच्याच फोनवर राहू द्या, पण रूम जुन्या फोनवरून होस्ट करा आणि तुम्ही जॉइन व्हा. डेटा बंद असला की जोडलेल्या फोनाला वायफायचं एकच दार उरतं, म्हणून त्याची हाळी चुकायची शक्यता कमी. जास्तीचा फोन असेल तर तो नुसता हॉटस्पॉट म्हणून ठेवा, सगळ्यात भरवशाचं तेच. आणि जाहिराती अडवणारं ॲप किंवा व्हीपीएन कुणाकडं चालू आहे का बघा, वर छोटी चावी दिसते. ती असली की लॅन बऱ्याचदा अडतं.

औंढा_आयफोन
आयफोनवर एक जास्तीचं असतं. सेटिंग्ज, प्रायव्हसीमध्ये Local Network खाली त्या गेमपुढचं बटण चालू नसेल तर रूम कधीच दिसणार नाही. पहिल्यांदा विचारतं तेव्हा लेकरं 'नको' दाबून टाकतात.

उदगीरचा_भाचा
आयफोन कुणाकडं नाही. पण जुन्या फोनवरून होस्ट केल्यावर मला आणि दुसऱ्याला रूम दिसली, खेळ चालू! तिसऱ्याच्या फोनवर चावी होती, ती काढली. आता त्याला रूम दिसते, पण आत जाताना अडकतं आणि बाहेर फेकतं.

तारतोड्या
रूम दिसते म्हणजे जोडणी ठीक आहे, आता शंका गेमवर. चौघांच्या फोनवर व्हर्जनचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत सारखा आहे का ते बघा. कुणी 'प्रो पॅक'वाली मॉड फाइल टाकली असेल तर मूळ गेमशी ती बहुतेक वेळा जुळत नाही.

उदगीरचा_भाचा
त्यानं कुणाकडून तरी शेअर करून घेतलाय म्हणे. रेंज नाही म्हणून प्ले स्टोअरवरून घेता येईना.

तारतोड्या
मग ज्याच्याकडं चालतंय त्याच्याच फोनवरून क्विक शेअरनं ॲप पाठवता येतं का बघा. प्ले स्टोअर उघडून 'मॅनेज ॲप्स'मध्ये शेअरचा पर्याय दिसतो का बघा, असला तर दोन्ही फोन जवळ ठेवून चालतो. आधी त्याच्या फोनवरचा जुना गेम अनइन्स्टॉल करा, नाहीतर नवा बसणार नाही. तो पर्याय रेंजशिवाय उघडला तर ठीक, नाहीतर उदगीरला जाताना अपडेट मारून या.

बिनधास्त_बीड
5 GHz वर लॅग कमी असतो, एवढं मात्र मी म्हणणारच.