फूट व्हॉल्व्हचे १४०० रुपये: आधी फोड मागितली, चुकलं का?

ज्योती, जुळे सोलापूर: हौदावरची मोटर दर वेळी प्रायमिंग मागते, आधी पाणी ओतल्याशिवाय उचलतच नाही. प्लंबर म्हणाले, हौदातल्या पाइपाच्या टोकाला पाणी अडवून धरणारा फूट व्हॉल्व्ह गेलाय, सगळं धरून १४००. मी विचारलं, मजुरी किती, सामान किती, यायचे किती? ते रागावून निघून गेले. माझं चुकलं का?

बसवराज: अजिबात नाही, ताई. मी हार्डवेअरच्या काउंटरवर बसतो. पाइपातलं पाणी हौदात उतरून जातं, तेव्हा व्हॉल्व्हवर संशय येतो. पण सक्शनच्या जोडातून किंवा मोटरच्या सीलमधून हवा ओढली तरी हेच होतं. पाइप वर काढल्याशिवाय खात्री नाही. कधी व्हॉल्व्हच्या रबरात नुसता कचरा अडकलेला असतो, धुतला की काम झालं. ठोक रक्कम ठरली असेल तर तेव्हाही नव्या व्हॉल्व्हचे पैसे जातात. म्हणून येऊन बघायचे किती आणि काम दिलं तर ते मजुरीत वळते होतात का, हे आधी विचारायचं. सामानाचं बिल दुकानाचं घ्यायचं.

दत्ता: माझा भाऊ प्लंबर आहे, म्हणून बोलतो. फोड दिली की लोक मजुरीच कापतात. "दोन आट्यांचे पाचशे?" म्हणतात. पाइपाचा जोड, जुना युनियन, गंजून बसलेला असला की अर्धा दिवस जातो, तो कुठल्या रकान्यात लिहायचा? पेट्रोल, हत्यारं, परत आलेली तक्रार, सगळं त्या १४०० मध्ये असतं.

समीर: वाद कशाला? सामान स्वतः आणा, त्यांना फक्त मजुरी द्या.

बसवराज: समीर, हे अर्धंच बरोबर. एक इंचीच्या जागी सव्वा इंची आणलं तर परत फेरा. शिवाय आपण आणलेला व्हॉल्व्ह गळला, तर प्लंबर हात वर करणार. दत्ता, तुमचा युनियनचा मुद्दा मात्र खरा आहे. त्याला "पाचशे, युनियन तोडावा लागला तर आधी विचारून पुढे" असं बोलता येतं.

शैलामावशी: मी ब्लाउज शिवते. शिलाई ३५०, अस्तर वेगळं, लेस वेगळी, असं सांगितलं तर बायका अस्तर घरून आणतात. ते आधी भिजवलेलं नसतं, धुतल्यावर आटतं, आणि बोल मला.

दत्ता: तेच तर म्हणतोय, मावशी.

ज्योती: आज दुसरे आले. बघायचे १५०, काम केलं तर मजुरी ५०० आणि त्यात ते १५० धरलेले. पाइप काढला तर रबराखाली खडा निघाला. धुऊन बसवलं, मोटरने लगेच पाणी उचललं. मी ५०० दिले. पण ते म्हणतात, रबर कडक झालंय, पुन्हा होईल, व्हॉल्व्ह बदलाच. बदलू का, अण्णा?

बसवराज: रबर नखाने दाबून पाहिलं का? खळगा उमटून परत भरला तर थांबा.

दत्ता: आणि महिन्याने पाइप परत काढायचे ५०० कोण देणार?