मदत हवी आहे: अधिकार मर्यादांचा तक्ता करायलोय, अटींपाशी अडलंय

मंडळी, जालन्यात एका कारखान्यात अकाउंट्सला आहे मी. साहेबांनी डेलिगेशन ऑफ ऑथॉरिटीचं चौदा पानी डॉक्युमेंट हातात दिलं अन् म्हणले एक्सेलमधी तक्ता कर, उभी पदं, आडवे खर्चाचे प्रकार. वाटलं एका दिवसाचं काम हाय.

दुरुस्ती खर्चापाशीच अडलो बगा. प्लांट मॅनेजरला २ लाखापर्यंत, पण ते बजेटमधी असलं तर, अन् एकाच पार्टीचं कोटेशन असलं तर मर्यादा निम्मी, आणि ही निम्म्याची ओळ चार पानं पुढं दुसऱ्याच कलमात! मी नुसते २ लाख टाकून मोकळा झालो होतो. मग मोटर रिवाइंडिंगचं १.६ लाखाचं बिल आलं, कोटेशन एकच, तक्त्याप्रमाणं मॅनेजरची सही चालती, डॉक्युमेंटप्रमाणं जीएमची लागती.

आता चौकोन सोडून लांब यादी करायलोय, प्रत्येक ओळीत पद, खर्चाचा प्रकार, अट, रक्कम अन् कलम नंबर. वरचा चौकोनी तक्ता यातूनच पिव्होटनं काढीन.

दोन गोष्टी सांगा. डॉक्युमेंट जीएसटीबद्दल गप्प हाय, १.८ लाखाचं बिल १८ टक्के धरून २,१२,४०० होतंय, मग मर्यादेच्या आत का बाहेर? तुम्ही काय धरता? अन् ज्या पदाचा उल्लेखच नाही तिथं शून्य टाकू का रिकामं ठेवू? माझ्या मते शून्य म्हंजे अधिकार नाही, रिकामं म्हंजे साहेबांना विचारायचं, पण ऑडिटवाले काय म्हणतील राव?