विवाद से विश्वास: व्याज माफ झाले, पण फायदा नेमका कोणाला?

जमाखर्च

प्राप्तिकराच्या 'विवाद से विश्वास' योजनेत २०२० साली आणि पुन्हा २०२४ साली अपिलात अडकलेल्यांचे व्याज आणि दंड माफ झाला. ज्याने वेळेवर कर भरला त्याच्या हाती काय आले? माझ्या मते ही कर बुडवणाऱ्यांना दिलेली सवलत आहे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी फायदा नक्की कोणाला होतो आणि भरायची रक्कम कशी ठरते, हे आकड्यांनिशी सांगावे.

उत्तरायण

मला हे मान्य नाही. अपील प्रलंबित असणे म्हणजे कर बुडवणे नव्हे. अधिकाऱ्याने काढलेली रक्कम चुकीची आहे असे करदात्याचे म्हणणे असते आणि त्यावर निर्णय झालेला नसतो. शिवाय योजनेत मूळ कर माफ होतच नाही, तो शंभर टक्के भरावा लागतो आणि सुटतात ती फक्त व्याज व दंड. हो, एखाद्या उच्च न्यायालयाने तशाच मुद्द्यावर करदात्याच्या बाजूने निकाल दिला असेल तर मात्र निम्माच कर भरून प्रकरण मिटते, आणि तेही न्याय्यच आहे, कारण तिथे विभागाचीच बाजू लंगडी असते.

सनद

उत्तरायण, आपली दिशा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी दुरुस्ती हवी. निम्म्या रकमेची सवलत दुसऱ्या कोणाच्या निकालावर मिळत नव्हती. त्याच करदात्याला, त्याच मुद्द्यावर, न्यायाधिकरणाकडून किंवा उच्च न्यायालयाकडून अनुकूल निर्णय मिळालेला असावा आणि तो वरच्या न्यायालयाने फिरवलेला नसावा, अशी अट होती. अपील विभागाने केलेले असेल तरीही रक्कम निम्मी होई. दुसरे म्हणजे, २०२४ च्या योजनेत सर्वांना शंभर टक्के हा दर लागू नव्हता. २२ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेल्या ज्या अपिलांची नोंद ३१ जानेवारी २०२० नंतर झाली होती, त्यांना विवादित कराइतकीच रक्कम भरायची होती. त्या तारखेपर्यंत दाखल होऊन त्याच अपील मंचावर पडून राहिलेल्यांना ११० टक्के. हे दोन्ही दर ३१ जानेवारी २०२५ पर्यंत योजनेत येण्याचे घोषणापत्र देणाऱ्यांसाठी होते. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ पर्यंत अनुक्रमे ११० आणि १२० टक्के झाले.

आता एक प्रकरण पूर्ण मांडतो, म्हणजे फायद्याचा प्रश्न सुटा करून पाहता येईल. समजा, एका व्यक्तीने नोटाबंदीच्या काळात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, बँकेत दहा लाख रुपये रोख भरले. अधिकाऱ्याला स्पष्टीकरण पटले नाही आणि डिसेंबर २०१९ च्या आदेशात त्याने ही रक्कम अस्पष्टीकृत पैसा म्हणून उत्पन्नात मिळवली. अशा उत्पन्नाला त्या वर्षी कलम ११५बीबीई लागत होते: ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि एकूण रकमेवर ३ टक्के उपकर, म्हणजे ७७.२५ टक्के. विवादित कर ७,७२,५०० रुपये. एप्रिल २०१७ पासून आदेशापर्यंतच्या ३३ महिन्यांचे, दरमहा एक टक्का दराचे व्याज २,५४,९२५ रुपये. एकूण मागणी १०,२७,४२५ रुपये. मागणीची वसुली थांबावी म्हणून या माणसाने तिच्या २० टक्के, म्हणजे २,०५,४८५ रुपये, आधीच भरले आणि जानेवारी २०२० मध्ये आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील केले.

उरलेल्या ८,२१,९४० रुपयांवरही दरमहा एक टक्का व्याज चालू राहते. फेब्रुवारी २०२० ते डिसेंबर २०२४ हे ५९ महिने होतात आणि हे व्याज सुमारे ४.८५ लाख होते. त्यात कलम २७१एएसीखालचा ६०,००० रुपयांचा दंड धरला, तर अपील पूर्णपणे हरल्यास एकूण भार सुमारे १५.७२ लाख रुपये. योजनेत मात्र ७,७२,५०० च्या ११० टक्के, म्हणजे ८,४९,७५० रुपये. आधी भरलेले २,०५,४८५ त्यातून वजा होतात आणि प्रत्यक्ष भरायचे ६,४४,२६५ रुपये राहतात. विभागाने ही रक्कम ठरवून दिलेले प्रमाणपत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ते भरायचे होते. ही मुदत हुकली की सारी मेहनत वाया.

इथपर्यंत सवलत मोठीच दिसते. पण हाच माणूस अपिलात दाखवू शकला की दहापैकी सहा लाख रुपये त्याने आधी स्वतःच्या खात्यातून काढलेले होते, तर मिळवलेले उत्पन्न चार लाखांवर येते, कर ३,०९,००० होतो आणि दोन्ही व्याजे व दंड धरूनही एकूण भार सुमारे ५.५६ लाखच राहतो. म्हणजे योजनेतील रकमेपेक्षा जवळपास तीन लाखांनी कमी. याच आकड्यांवर हिशेब मांडला तर समतोलाचा बिंदू सुमारे ५.७ लाखांवर येतो: अपिलात त्याहून कमी रक्कम टिकेल असा पुरावा हाताशी असेल, तर योजना महाग पडते. आणि अपिलातील सहज जिंकता येणारा मुद्दा बाजूला ठेवून उरलेला भाग तेवढा मिटवण्याची सोय नव्हती. म्हणून माझे मत असे की ही योजना कमकुवत प्रकरण असणाऱ्याला उपयोगी पडते आणि ज्याची कागदपत्रे भक्कम आहेत त्याला बहुधा नाही.

हिशेबवही

मला २०१८-१९ साठी जीएसटीची नोटीस आली होती आणि व्याज व दंड माफ होईल असे सांगून पूर्ण कर भरायला लावला. इथे निम्म्या कराची सवलत होती तर ती मला का मिळाली नाही?

सनद

आपले प्रकरण वेगळ्या कायद्याखालचे आहे. जीएसटीची ती सवलत कलम १२८एखाली, जुलै २०१७ ते मार्च २०२० या काळासाठी आणि फक्त कलम ७३ च्या, म्हणजे फसवणुकीचा आरोप नसलेल्या, मागण्यांना होती. तिथे ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण कर भरल्यावर व्याज व दंड माफ होत होते, करात सूट नव्हती. त्यामुळे आपल्याला सांगितले गेले ते बरोबरच होते.

मीरा

मी हे वडिलांच्या प्रकरणात अनुभवले आहे. आकडे वेगळे, पण वर्ष तेच आणि कारणही नोटाबंदीतील रोख रक्कमच. आमच्या सल्लागारांनी आदेश हाती येताच घाई करून २४ जानेवारी २०२० रोजी अपील दाखल केले. आमच्याच एका नातेवाइकांचा आदेश त्याच आठवड्यातला होता, पण त्यांचे अपील ३ फेब्रुवारीला गेले. दोघांनीही योजनेत भाग घेतला. आम्हाला ११० टक्के लागले आणि त्यांना १००. ज्याने तत्परता दाखवली त्यालाच जास्त भरावे लागले, ही गोष्ट मला अजूनही सलते. वडिलांनी वर्षभर फायली घेऊन खेटे घातले आणि शेवटी, आता वय झाले, वाद नको, म्हणून पैसे भरले. त्यांच्याकडे पुरावा होता असे मला आजही वाटते.

सनद

मीराताई, ही तारीख ठरवण्यामागे कारण होते. २०२० च्या योजनेत ३१ जानेवारी २०२० रोजी प्रलंबित असलेली अपिले पात्र होती आणि शंभर टक्के भरून बाहेर पडण्याची संधी त्यांना तेव्हा मिळाली होती. ती न घेतलेल्यांना दुसऱ्या वेळी दहा टक्के जास्त, असा तर्क होता. पण आपल्या नातेवाइकांच्या बाबतीत तो टिकत नाही. २०२० च्या कायद्यात ज्यांचा आदेश ३१ जानेवारीपर्यंत झाला होता आणि अपिलाची मुदत अजून उरली होती, तेही पात्र होते. म्हणजे त्यांनाही पहिली संधी मिळालीच होती, तरी २०२४ मध्ये त्यांची गणना नव्यांत झाली. हा मसुद्यातील दोष आहे असे मी म्हणतो, आणि त्याचे समर्थन मला करता येत नाही.

वडिलांविषयी मात्र मी मत देणार नाही, कारण पुरावा मी पाहिलेला नाही. एवढेच सांगतो की समतोलाचा बिंदू काढताना वकिलाची फी, वय आणि मनस्ताप यांची किंमत ज्याची त्यानेच ठरवायची असते.

जमाखर्च

आपल्या मांडणीने माझाच मुद्दा सिद्ध होतो. प्रकरण भक्कम असलेला अपील लढत राहतो आणि कमकुवत असलेला साडेआठ लाखांत सुटतो, जिथे त्याच्यावर १५.७२ लाखांचा भार यायला हवा होता. ही ७.२२ लाखांची सूट कोणाच्या खिशातून गेली? सरकारच्या, म्हणजे वेळेवर कर भरणाऱ्यांच्या. आणि २०२० नंतर २०२४ आली, तशी पुढेही कधी तरी येईलच, असा हिशेब करून अपील लांबवणारे आहेत.

उत्तरायण

त्या ७.२२ लाखांतील मोठा वाटा पुन्हा पाहा. त्यातले ४.८५ लाख हे अपील ५९ महिने पडून राहिल्याचे व्याज आहे. सुनावणी कधी लावायची हे करदात्याच्या हाती नव्हते. २०२० च्या अर्थसंकल्पी भाषणातच प्रत्यक्ष करांची ४,८३,००० प्रकरणे निरनिराळ्या अपील मंचांवर प्रलंबित असल्याचे सांगितले गेले होते. विलंब यंत्रणेचा आणि त्याचे व्याज नागरिकाने भरायचे, याला मी न्याय म्हणणार नाही. शिवाय झडतीवरून झालेली निर्धारणे, खटला दाखल झालेली प्रकरणे आणि परदेशातील अघोषित उत्पन्न यांना २०२४ च्या योजनेत प्रवेशच नव्हता. त्यामुळे 'कर बुडवणाऱ्यांना सवलत' हे वर्णन सरसकट लागू होत नाही.

जमाखर्च

विलंबाच्या व्याजाबद्दलचे म्हणणे मी मान्य करतो. पण मग तेवढेच माफ करावे. आदेशापूर्वीच्या ३३ महिन्यांचे २,५४,९२५ रुपये व्याज आणि दंड कशासाठी सोडायचे? तो काळ अपिलाचा नव्हता.

सनद

आपण म्हणता तशी, फक्त मागणीनंतरचे व्याज कमी करण्याची तरतूद १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात आधीपासूनच आहे, कलम २२०(२ए). पण तिथे खरी अडचण, आपल्या नियंत्रणाबाहेरची परिस्थिती आणि चौकशीत सहकार्य या तिन्ही गोष्टी एकत्र दाखवाव्या लागतात आणि प्रत्येक अर्ज वेगळा तपासला जातो. माझ्या हाताखालून गेलेल्या अर्जांत बहुतेक पहिल्याच अटीवर अडले, कारण माणूस नोकरीत आहे किंवा त्याच्याकडे घर आहे म्हणजे त्याला अडचण नाही, असे धरले गेले. लाखो प्रकरणांत असे स्वतंत्र मोजमाप करायचे की एका टक्केवारीने सगळे मिटवायचे, यात सरकारने दुसरा मार्ग निवडला आणि टक्केवारी लावताना ३३ महिन्यांचे व्याजही त्याच गठ्ठ्यात गेले. ते जायला नको होते, या आपल्या म्हणण्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे.

मीरा

मग आमच्या दहा टक्क्यांचे काय, हे मात्र कोणीच सांगितले नाही. वडिलांनी एकदा भरलेली रक्कम परत मिळत नाही, हे त्यांच्या घोषणापत्रावर सही करतानाच आम्हाला सांगितले होते.