सूचक प्रश्न: सरतपासणीत नको, उलटतपासणीत हवा

"साक्षीदार तोच, मग सूचक प्रश्न एका वकिलाला चालतो आणि दुसऱ्याला का नाही?"

कारण सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर स्वतःच सुचवणारा प्रश्न, चालतो की नाही हे साक्षीदार कोणाच्या बाजूचा आहे, यावर अवलंबून आहे. सरतपासणीत, म्हणजे साक्षीदार बोलावणाऱ्या वकिलाच्या पहिल्या तपासणीत, आपण बोलावलेला माणूस बहुधा आपल्याला साथ द्यायलाच आलेला असतो. त्याला "आरोपी चाकू घेऊन पळत होता ना?" असं विचारलं की तो "हो" म्हणतो, पण साक्ष वकिलाची होते. चाकू हा शब्द साक्षीदाराच्या तोंडून यायला हवा. म्हणून "तुम्ही काय पाहिलंत?", "त्याच्या हातात काय होतं?" असं विचारायचं. कदाचित तो "काहीतरी चकाकलं" एवढंच म्हणेल, आणि न्यायाधीशांना नेमकं तेच कळायला हवं. नाव, पत्ता किंवा वाद नसलेल्या बाबींपुरते सूचक प्रश्न मात्र चालतात.

उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, तेव्हा साक्षीदाराला होकार देण्याची ओढ सहसा नसते. "तो पाठमोरा होता, बरोबर?" यावर चुकीचं असेल तर तो ठाम नाही म्हणेल.

समजा तो "हो, पाठमोरा होता" म्हणाला. आता फेरतपासणीत, म्हणजे उलटतपासणीनंतर आपण पुन्हा विचारतो तेव्हा, "पण नंतर तो वळला ना?" असं विचारलं की हरकत आलीच, कारण उत्तर पुन्हा आपणच पुरवलं. "पाठमोरा होता, तर ओळखलंत कसं?" हा योग्य प्रश्न. फेरतपासणी उलटतपासणीत निघालेल्या मुद्द्यांच्या खुलाशापुरतीच असते. सरतपासणीत विसरलेला नवा मुद्दा काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि मग त्यावर समोरच्याला पुन्हा उलटतपासणी मिळते.